चारही बाजू बरोबर, तरी मैदान वाकडं

मी परभणी जिल्ह्यात एका गावच्या हायस्कूलवर गणित शिकवतो. आमच्याकडं क्रीडा शिक्षकाचं पद रिकामं आहे, म्हणून तालुक्याच्या कबड्डी स्पर्धा जवळ आल्या की पोरींना घेऊन जायचं काम माझ्याकडं येतं. ऑगस्टच्या शेवटी पावसानं चार दिवस उघडीप दिली तेव्हा दहावीच्या दोन पोरी टेप मागायला आल्या. दोघी पहिलीपासूनच्या मैत्रिणी. एक उंच, आमची मेन रेडर, तिला टीममधे लांबडी म्हणतात. दुसरी बारकी, कोपऱ्यात पकडीला उभी राहते, वडील गवंडी आहेत.

लांबडीचं म्हणणं असं होतं की सर, आपलं मैदान मोठंय. मागच्या वर्षी तालुक्याला तिनं बोनसला पाय टाकला की दरवेळी ती गरजेपेक्षा आत जायची आणि कोपरा तिचा घोटा धरायचा. आम्ही सगळ्यांनी तिला घाई करू नको म्हणून सांगितलं होतं. मीही सांगितलं होतं.

आमच्या जुन्या मैदानाच्या कोपऱ्यात विटा पुरलेल्या आहेत. मोजलं तर 13 बाय 10, मध्यरेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटर आणि बोनस रेषा पावणेपाच. हे पुरुषांचं माप आहे. मुलींचं मैदान 12 बाय 8, निदान रेषा 3 मीटरवर आणि बोनस रेषा 4 मीटरवर. म्हणजे लांबडी वर्षभर पाऊण मीटर जास्त आत जायची प्रॅक्टिस करत होती, आणि बोनसला पुढचा पाय रेषेपलीकडं टेकताना मागचा हवेत पाहिजे, तिथं पाऊण मीटर म्हणजे जाऊन परत येणं आणि धरलं जाणं एवढा फरक. शाळाशाळांत मैदानाचं जे चित्र फिरतं त्यात पुरुषांचीच मापं असतात, ते बघून कुणीतरी आखलं आणि आम्ही पोरींना त्यावर पळवत राहिलो. याचा मला खरंच राग येतो.

मग नवीन आखायचं ठरलं. शाळेची फायबर टेप 30 मीटरची, पण पुढचा कडीचा तुकडा तुटून गेलेला, आकडे साधारण 40 सेंटिमीटरपासून सुरू होतात. म्हणून 1 वर धरायचं आणि पलीकडं वाचलेल्या आकड्यातून 1 वजा करायचा. पहिल्याच बाजूला लांबडी वजा करायचं विसरली आणि 12 ची बाजू 11 भरली, पण समोरची बाजू जुळेना तेव्हा लगेच सापडलं. ही चूक सोपी, ती स्वतःच ओरडून सांगते.

खरी गडबड पुढं झाली. त्यांनी 12 मीटरची बाजू कंपाउंडच्या भिंतीला समांतर धरली आणि 8 मीटरची बाजू झेंड्याच्या कट्ट्याच्या कडेशी नजरेनं जुळवली. चारी खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली. 12, 12, 8, 8. मी व्हरांड्यातून येऊन चारही मापं स्वतः तपासली आणि म्हटलं झालं, आता फक्की मारा.

बारकी काही हलेना. म्हणाली, "सर, हे तिरकं हाय." लांबडी तिच्यावर चिडली, अगं चारी बाजू आल्या ना, आता काहून तिरकं? बारकी म्हणाली, "बाजेच्या पण चारी बाजू बरोबरच असतात, तरी मोकळी झाली की कलंडतेच की." आणि तिनं टेप उचलून कोपऱ्यातून कोपऱ्यात धरली. एक कर्ण 14 मीटर 10 सेंटिमीटर. दुसरा 14 मीटर 74.

मी वहीत हिशोब केला. 12 बाय 8 ला दोन्ही कर्ण 14.42 पाहिजेत, 144 अधिक 64 म्हणजे 208 चं वर्गमूळ. आमचा चौकोन समांतरभुज झाला होता, समोरची बाजू 38 सेंटिमीटर बाजूला सरकलेली. भिंत आणि कट्टा एकमेकांशी काटकोनात नाहीतच! कंपाउंड शेताच्या जुन्या बांधावरून बांधलंय, कट्टा नंतर आला. आणि सरकूनही रुंदी जेमतेम एकच सेंटिमीटर कमी होते, म्हणून बाजू मोजून हे कधीच कळलं नसतं.

आता काटकोन काढायचा कसा? गुण्या लहान पडतो, त्याची रेघ 8 मीटर वाढवली की त्यातली बारीकशी चूकसुद्धा वाढत जाते. बारकी म्हणाली पप्पा पाया आखताना तीन, चार, पाच फूट करतात. मग तिनं अर्ध्या मैदानाकडं बघितलं आणि गप्प झाली. मध्यरेषा 8. मध्यरेषेपासून अंतिम रेषा 6. कर्ण 10. पूर्ण! मुलींच्या मैदानाचं अर्धं म्हणजे तिच्या पप्पांचा तीन-चार-पाचच, नुसता दुप्पट. इतकी वर्षं शिकवतोय, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. पुरुषांच्या मैदानाला हे जमत नाही, तिथं साडेसहा आणि दहाचा कर्ण पूर्ण आकड्यात येत नाही.

पुढं त्यांनी जे केलं ते मी त्यांनाच करू दिलं. टेपवरचा 1 आणि 25 एकत्र एका मुठीत, 7 चा आकडा मध्यरेषेच्या एका टोकाच्या खुंटीवर, 15 चा दुसऱ्या टोकाच्या खुंटीवर. 1 ते 7 सहा मीटर, 7 ते 15 आठ, 15 ते 25 दहा. मूठ धरणाऱ्यानं दोन्हीकडची टेप ताठ होईपर्यंत मागं सरकायचं, जिथं दोन्ही ताणल्या जातात तिथं कोपरा. काळ्या मातीत वरून मुरूम टाकलेला, खाली अजून ओल, खुंटी डोलायची, मग लांबडीनं कडेनं खडे ठोकून ती पक्की केली. चारही कोपरे असेच घेतले. शेवटी पूर्ण कर्ण धरले, 14.42 आणि 14.44. रेषाच 5 सेंटिमीटर जाड मारायची असते, त्यात हे 2 चालतात. त्या रेषा मैदानातच धरतात म्हणून सुतळी बाहेरच्या कडेला ठेवून फक्की आतल्या बाजूनं सोडली, तळाला भोक पाडलेल्या डब्यातून. दोन्ही बाजूंना एकेक मीटर राखीव क्षेत्र काढलं, निदान आणि बोनस रेषा 3 आणि 4 मीटरवर आल्या.

हे मी लिहितोय ते फक्कीच्या डब्याशी उभं राहून लांबडीनं जे विचारलं त्यामुळं. "सर, पुस्तकातल्या गणितात काटकोन आधीच दिलेला असतो. इथं कुणी दिला?" दहावीच्या भाग 2 मधे पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास आहे, कर्णाचा वर्ग जुळला तर समोरचा कोन काटकोनच. मी तो दरवर्षी दोन ओळींत उरकतो, सिद्धता लिहून देतो, पुढं जातो. मैदानावर उपयोगी तोच पडला, मूळ प्रमेय नाही, कारण मूळ प्रमेय लावायला काटकोन आधी हातात लागतो. आणि मी, ज्यानं हे शिकवलं, चार बाजू बघून झालं म्हणालो होतो. बारकीला गणितात 38 मार्क आहेत. तो पेपर मी तपासलाय.

संध्याकाळी लांबडीनं पहिली चढाई केली. बोनसला झेप घेतली आणि सवयीनं पाय जिथं पडायचा तिथंच पडला. सगळ्या पोरी थांबल्या. ओल्या मुरमात टाचेचा ठसा उमटला होता, पांढऱ्या रेषेच्या बराच पलीकडं. ती वाकून ठशाकडं बघत राहिली, मग बारकीला म्हणाली टेप आण. दोघींनी बसून मोजलं, 1 वजा केला. 71 सेंटिमीटर.

ती मागं गेली, रेषेकडं बघून पावलं मोजली आणि पुन्हा चढाईला निघाली.