परिशिष्टातल्या तारखांनी खाल्लेले तीन दिवस

आमच्या कार्यालयाचा वार्षिक प्रशासन अहवाल एकशे साठ पानांचा झाला होता. नऊ विभागांनी आपापली पानं पाठवली आणि सगळीकडे अंक, तारखा एकसारख्या करायचं काम माझ्याकडे आलं. राज्याच्या मराठी कामकाजात आपण देवनागरी अंक लिहितो. केंद्राच्या पत्रांत मात्र 1, 2, 3 असतात, कारण संविधानाच्या अनुच्छेद ३४३ने संघराज्याच्या कामासाठी अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप ठरवलं आहे. त्या पत्रांतले उतारे जसेच्या तसे घेतले की मजकुराची खिचडी होते. आम्ही सगळं देवनागरीत करायचं ठरवलं.

अंक बदलणं सोपं गेलं. वर्डच्या मॅक्रोत थेट १, २ टाइप केलं तर प्रश्नचिन्हं उमटतात, म्हणून अक्षराचा क्रमांक द्यावा लागतो. शून्याचा २४०६, तिथून पुढे ओळीने:

```
For i = 0 To 9
  With ActiveDocument.Content.Find
    .Text = CStr(i)
    .Format = True
    .Highlight = False
    .Replacement.Text = ChrW(2406 + i)
    .Execute Replace:=wdReplaceAll
  End With
Next
```

जे बदलायचं नाही ते आधी पिवळ्या हायलाइटने रंगवून घ्या, मॅक्रो ते सोडून देतो. ईमेल, संकेतस्थळाचे पत्ते, बँकेचा आयएफएससी कोड आणि शासन निर्णयाखालचा लांबलचक संकेतांक, एवढं मी रंगवलं होतं. संकेतांक शोधासाठी लागतो, म्हणून तो जसाच्या तसा राहिला पाहिजे.

मी खरी अडकले ती एका विभागाच्या परिशिष्टात. त्यांनी पाठवलेल्या पत्रांची यादी एक्सेलमधून आली होती: जावक क्रमांक, तारीख, विषय. अंक देवनागरी झाले, तिरप्या रेघांऐवजी टिंबं आली, पान देखणं दिसायला लागलं. शेवटची नजर टाकताना तीन ओळींवर थांबले. जावक क्रमांक २११ची तारीख ०३.०५.२०२१, २१२ची ०३.०८.२०२१ आणि २१३ची १५.०३.२०२१. मे, मग ऑगस्ट आणि मग मार्च! जावक नोंदवहीत क्रमांक पुढे आणि तारीख मागे असं होत नाही.

मूळ फाइल उघडली तेव्हा उलगडा झाला. तारखेच्या रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या, काही डावीकडे. ज्या संगणकावर यादी टाइप झाली, त्याचं रीजन अमेरिकेचं होतं, म्हणजे महिना आधी. तिथे ५ मार्चसाठी 05/03/2021 टाइप केलं की एक्सेल ३ मे समजतो. ८ मार्चचा तसाच ३ ऑगस्ट होतो. 15/03/2021 मध्ये पंधरावा महिना नसतो, म्हणून ते नुसता मजकूर म्हणून डावीकडे पडून राहतं आणि बरोबर राहतं. पुढे कुणीतरी रकान्याला दिवस-महिना-वर्ष असं रूप दिलं आणि चूक कायमची झाकली गेली. बारापर्यंतचे दिवस उलटलेले, तेरापासूनचे शाबूत. वर्डमध्ये आल्यावर डावं-उजवंही गेलं, आणि माझ्या मॅक्रोने सगळ्यांना एकच चेहरा दिला.

सरसकट दिवस-महिना उलटवून चालेना. काही ओळी दुसऱ्या संगणकावर भरलेल्या होत्या आणि त्या बरोबर होत्या. विभागात फोन केला तर "यादी तपासूनच दिली आहे" एवढंच उत्तर. शेवटी मी स्वतः जावक नोंदवही मागवली. ती मिळायलाच दोन दिवस गेले, त्याचा राग अजून आहे. मग ज्या तारखांत दिवस आणि महिना दोन्ही बारापर्यंत होते, तेवढ्याच नोंदवहीशी ताडल्या. ०४.०४ सारख्या तारखा सोडल्या, त्या उलटल्या तरी त्याच राहतात.

म्हणून आता मी तारखा आधी पक्क्या करते आणि अंक नंतर बदलते. मजकुरात ‘दि. ५ मार्च, २०२१’ असं महिन्याच्या नावाने लिहिते, मग शंकेला जागाच नाही. ०५.०३.२०२१ हे रूप फक्त कोष्टकांसाठी.

एक सांगायचं राहिलं. हा मॅक्रो फक्त मुख्य मजकुरात फिरतो. तळटीपा, शीर्षपट्टी वेगळ्या बघाव्या लागतात. परिच्छेदांचे आपोआप पडणारे क्रमांक हा मजकूर नसतोच. त्यांची आणि पान क्रमांकांची शैली ‘१, २, ३’ निवडावी लागते. अनुक्रमणिकेतले अंक मी हाताने बदलले होते. छपाईआधी F9 दाबून ती अद्ययावत केली आणि सगळे पुन्हा इंग्रजी झाले. पान क्रमांकांची शैली बदलल्यावर ते आपोआप जुळले.

त्या विभागाला या वर्षी कोष्टकाचा नमुना मीच पाठवलाय, तारखेचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून.