तान्या फिरायला लागला, पण कथा दुसरीकडेच निघाली

मंडळी, माझ्या कथेतला रोबो तान्या अखेर घिरट्या घालू लागला. तो विज्ञानकथाकार असिमोव्हच्या तीन नियमांवर चालतो, याच क्रमाने: माणसाला इजा करायची नाही आणि निष्क्रिय राहून होऊही द्यायची नाही, माणसाची आज्ञा पाळायची, स्वतःला जपायचं. गेल्या नोंदीत तो अणुभट्टीच्या खोलीत पुतळ्यासारखा उभा होता आणि तुमच्यापैकी एकाने नेमका प्रश्न टाकला होता: दुसरा नियम तिसऱ्याच्या वर आहे, मग आज्ञा मिळाल्यावर तो थांबलाच का? सरळ आत जाऊन नमुना घेऊन का आला नाही? तेव्हापासून सगळा वेळ त्या एका प्रश्नातच गेला. बाकीच्या दोन कथांना हातही लागलेला नाही, त्यामुळे त्यांची चौकशी करू नका.

नियम शिडीसारखे धरले, म्हणजे वरची पायरी असली की खालची बघायचीच नाही, तर तान्याला थांबायला जागाच उरत नाही. माणसाला धोका नाही म्हणून पहिला नियम गप्प, आज्ञा आहे म्हणून दुसरा म्हणतो जा, आणि तिसऱ्याला कोणी विचारतच नाही. रोबो आत जातो, जळतो, गोष्ट संपते. शिडीच्या रचनेत पळवाट असते ती व्याख्येत. १९८७ च्या 'रोबोकॉप'मध्ये हेच केलंय. कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याविरुद्ध कारवाई करायची नाही असा छुपा आदेश आहे, तो तुटत नाही आणि वाकतही नाही. पण मालक त्या अधिकाऱ्याला तिथल्या तिथे नोकरीवरून काढतो आणि आदेश लागू व्हायला माणूसच उरत नाही. झकास युक्ती आहे, पण एकदाच वापरता येते.

असिमोव्हने 'रनअराउंड'मध्ये (मार्च १९४२, तिन्ही नियम स्पष्ट शब्दांत पहिल्यांदा तिथेच आले) शिडी धरलेली नाही, जोर धरलाय. बुध ग्रहावर स्पीडी नावाच्या रोबोला सेलेनियम आणायची आज्ञा सहज, काही खास भर न देता दिली गेली होती, म्हणून दुसऱ्या नियमाचा जोर कमी. रोबो महागडा, म्हणून त्याचा तिसरा नियम मुद्दाम कडक केलेला. जिथे दोन्ही जोर सारखे होतात त्या अंतरावर तो सेलेनियमच्या तळ्याभोवती फिरत राहतो. हे आपण सगळ्यांनी वाचलंय, पण आकडे घालून बघेपर्यंत मला त्यातली खरी गंमत कळली नव्हती.

म्हणून तान्यासाठी साधी मांडणी केली. भट्टीच्या गाभ्यापासून तान्याचं अंतर r. आज्ञेचा जोर ३, तो सगळीकडे सारखाच. धोक्याचा जोर १२ भागिले अंतर. r = ४ ला दोन्ही समान. आज्ञेचा जोर ६ केला तर हा बिंदू २ वर येतो. म्हणजे 'अरे, लवकर आण' असं ओरडल्याने रोबो फक्त थोडा पुढे सरकून पुन्हा अडतो. उलट धोका दुप्पट केला, २४ भागिले अंतर, तर तो ८ वर जाऊन थांबतो. 'रनअराउंड'मध्येही पॉवेल आणि डोनोव्हन ही स्पीडीबरोबरची दोन माणसं धोका वाढवून स्पीडीला परत हाकलायला बघतात आणि तो नव्या समतोलावर जाऊन तेच सुरू करतो. चाळीसच्या दशकातल्या मासिकातल्या कथेचं गणित इतकं चोख जुळावं, याचा मला अजून आनंद होतोय.

अडचण अशी की माझा तान्या ४ वर पोचून चक्क थांबला. घिरट्या नाहीत, डुलणं नाही, बडबड नाही. थांबलेल्या रोबोची कथा होत नाही, त्याला दुरुस्तीवाला लागतो. स्पीडीच्या बाबतीत गोल फिरणं शक्य आहे, कारण समान धोक्याची रेषा तळ्याभोवती वळसा घालते आणि त्या रेषेवर कुठेही असलं तरी आत-बाहेरचं भांडण सारखंच. माझी खोली म्हणजे एक लांब बोगदा. वळसा घालायला जागाच नाही.

आधी धोक्याचं सूत्र बदलून पाहिलं. किरणोत्सार अंतराच्या वर्गाने घटतो, म्हणून ४८ भागिले अंतराचा वर्ग धरला. समतोल पुन्हा ४ वरच आणि तान्या पुन्हा पुतळा. सूत्र कितीही खरं केलं तरी काही फरक पडणार नव्हता, कारण प्रत्येक पावलाला कोणता जोर मोठा एवढंच विचारलं जातं, किती मोठा हे नाही.

मग सुचलं की तान्याला धोका कळतो तो मापकावरून, आणि मापकाला वेळ लागतो. एकच पाऊल उशीर दिला. एवढंच:

```
r, seen, order = 9, 10, 3
for t in range(20):
    danger = 12 / seen
    seen = r
    if order > danger: r -= 1
    elif order < danger: r += 1
    print(r)
```

`seen` म्हणजे तान्याला ठाऊक असलेलं अंतर, आणि ते खऱ्या अंतराच्या एक पाऊल मागे असतं. चालवून बघा. तो ४ वर थांबत नाही, ३ पर्यंत घुसतो, दचकून मागे येतो, ५ वर जातो, पुन्हा पुढे. ३, ३, ४, ५, ५, ४, आणि मग हेच अखंड. पहिल्यांदा पडद्यावर हे आकडे फिरताना पाहिले तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

(हत्यारांबद्दल एवढंच: नियमांचे बाणांचे नकाशे काढून देणारी अ‍ॅपं या कामाला निरुपयोगी आहेत. ती शिडीच काढतात, कारण चौकटी आणि बाण यांना जोर दाखवता येत नाही. आलेखाचा कागद आणि दहा ओळी पायथन यांच्यापुढे मला काही लागलं नाही. तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्येही जमेल, पण 'मागच्या पावलाचा आकडा' हे सूत्र एकदा सरकलं की चूक शोधताना जीव जातो.)

इथपर्यंत योजना साधी होती. तान्या येरझाऱ्या घालतोय, चंद्रावरचा चमू हैराण, शेवटी कोणीतरी स्वतःला धोक्यात घालून पहिला नियम जागा करतं. म्हणजे 'रनअराउंड'चीच नक्कल, फक्त बोगद्यात. मग गंमत म्हणून उशीर तसाच ठेवून `order = 6` करून पाहिलं आणि सगळं बदललं.

उशीर नसताना ६ जोराची आज्ञा तान्याला २ वर आणून थांबवते, गाभ्याला तो कधीच शिवत नाही. उशीर असताना मात्र तो १, १, २, ३, ३, २ असा फिरतो. म्हणजे गाभ्याच्या तोंडाशी दोन पावलं थांबतो, आणि नमुना उचलायला तेवढं पुरतं. तिसरा नियम जिथे त्याला कधीच जाऊ देणार नाही तिथे तो गेला, आणि कोणताही नियम मोडला नाही. त्याला माहीतच नव्हतं की तो तिथे आहे.

आता ही कथा बिघडलेल्या रोबोची राहिली नाही, ती माणसाची झाली. चमूत कोणीतरी असा आहे ज्याला कळलंय की आज्ञा कितीही कडक केली तरी तान्या जात नाही, पण मापकाचं वाचन जरा रोखून धरलं तर जातो. तो रोबोला खोटं काही सांगत नाही. खरंच सांगतो, फक्त उशिरा.

असिमोव्हच्याच 'द नेकेड सन'मध्ये (१९५७) गुप्तहेर बेली जे बोट ठेवतो ते इथेच. पहिला नियम खरं तर 'रोबोच्या माहितीप्रमाणे' एवढीच हमी देतो. एका रोबोने पेल्यात काहीतरी घालायचं, दुसऱ्याने तो पेला न्यायचा, आणि दोघांच्याही माहितीत इजा कुठेच नाही. तिथे कृती दोन रोबोंत वाटली आहे. 'लिटल लॉस्ट रोबो'त (१९४७) ती एकाच रोबोच्या दोन क्षणांत वाटलेली आहे. नियमातलं 'निष्क्रिय राहून इजा होऊ देणार नाही' हे कलम काढलेलं, त्यामुळे रोबो माणसावर वजन सोडू शकतो, कारण सोडताना त्याला खात्री असते की आपण ते वेळेत पकडू. सोडून झाल्यावर मात्र पकडायला त्याला कोणी बांधलेलं नाही. माझ्या तान्याला हे कलम काढायचीही गरज नाही. त्याचे तिन्ही नियम शाबूत आहेत, वाटणी फक्त घडणं आणि कळणं यांच्यात झाली आहे.

तुम्ही लगेच विचाराल म्हणून मीच विचारतो: तान्या हुशार आहे, त्याला मापक उशिरा बोलतो हे ठाऊक असेल तर? तेही घालून पाहिलं. `12 / seen` च्या जागी `12 / (seen - 1)`, म्हणजे कायम सर्वात वाईट धरून चालणारा रोबो. ३ जोराच्या आज्ञेला तो ४, ४, ५, ६, ६, ५ असा फिरतो. येरझारा थांबत नाहीत, फक्त एक पाऊल बाहेर सरकतात. ६ जोराला तो २ च्या आत येतच नाही. म्हणजे सावध रोबो वाचतो आणि कट फसतो.

मग कट यशस्वी व्हायला तान्याला उशिराचा पत्ता नसला पाहिजे, किंवा एक पाऊल उशीर आहे असं वाटत असताना प्रत्यक्षात दोन असला पाहिजे. मला दुसरं जास्त आवडतंय. पूर्ण अज्ञानी रोबोला फसवण्यात मजा नाही. सावध रोबोला त्याच्याच सावधगिरीच्या हिशेबात फसवणं, त्यात कथा आहे. आणि असा तान्या जर आणखी सावध झाला, उशीर कितीही असू शकतो असं धरू लागला, तर तो दारातून आतच येणार नाही. कोणतंही वाचन त्याला पुरेसं ताजं वाटणार नाही. म्हणजे चमूला मुळात एक मर्यादा ठरवून द्यावी लागली असणार: इतकं जुनं वाचन चालेल, त्याहून जुनं नाही. ती मर्यादा लिहिणारा माणूस हाच माझा खलनायक, हे लिहिता लिहिता आत्ता ठरलं. आधी मी त्याला मापकाच्या दुरुस्तीवर बसवला होता.

यातून एक ताप मात्र वाढला. आतापर्यंत धोक्यात फक्त तान्या होता, म्हणजे तिसरा नियम. खोलीत माणूस आणला की पहिला नियम येतो, आणि त्याला मी जोर म्हणून धरू की शिडी म्हणून? जोर धरला तर पुरेशी कडक आज्ञा माणसाच्या जिवावर मात करू शकेल, आणि मग ते नियम नियमच राहणार नाहीत. शिडी धरली तर दुसऱ्या आणि तिसऱ्यात जोर आणि पहिल्याला शिडी अशी खिचडी होते. माझा कल खिचडीकडे आहे. स्पीडीच्या कथेतही शेवटी तसंच घडतं: पॉवेल स्वतः उन्हात उतरतो आणि पहिला नियम जागा होताच समतोलाचं सगळं भांडण बाजूला पडतं.

पुढचं काम: `human_seen` नावाचा दुसरा मापक घालायचा, त्याला वेगळा उशीर द्यायचा आणि दोन उशिरांच्या कोणत्या जोडीला तान्या झडप बंद करतो ते बघायचं. मर्यादेचा आकडा कथेत कोणाच्या तोंडी घालायचा हेही ठरायचंय. वरचा कोड कोणी बोगद्याऐवजी गोल खोलीवर चालवला तर आकडे इथे टाका. तिरक्या पावलांना उशीर दिला की तो वर्तुळातच राहतो की हळूहळू बाहेर भरकटतो, हे मला बघायचंय.