सातवं रीडिंग

कॅलिब्रेशनच्या कच्च्या नोंदींवर सही करायची वेळ येते तेव्हा मी आकडे नंतर बघते, आधी खाडाखोड बघते. त्या दिवशीच्या कागदावर एकच खाडाखोड होती. दहा रीडिंगपैकी सातवं एका सरळ रेघेनं कापलेलं, शेजारी आद्याक्षरं, तारीख आणि दोन शब्द: "ग्रब्ज, आउटलायर". ग्रब्ज ही संचात फार वेगळा पडलेला आकडा, म्हणजे आउटलायर, ओळखायची टेस्ट. नियमाप्रमाणे सगळं नीट होतं. कापलेला आकडाही वाचता येत होता.

काम साधं होतं. ग्राहकाच्या प्रयोगशाळेत २२० ग्रॅम क्षमतेचा अ‍ॅनालिटिकल बॅलन्स, म्हणजे अगदी बारीक फरक दाखवणारा तराजू होता, शेवटचा अंक ०.१ मिलिग्रॅमचा. रिपिटेबिलिटी, म्हणजे तेच वजन पुन्हा ठेवलं की तोच आकडा येतो का, हे बघायला त्यावर २०० ग्रॅमचं एकच वजन दहा वेळा ठेवायचं, दर वेळी उचलायचं, शून्य बघायचं, पुन्हा ठेवायचं. माझा तरुण सहकारी ते करून आला होता. २०० ग्रॅमच्या वर किती मिलिग्रॅम आले ते असं: ०.२, ०.३, ०.१, ०.२, ०.३, ०.२, ०.९, ०.३, ०.२, ०.२.

ते ०.९ डोळ्यांत खुपतंच. गणितही त्यानं बरोबर केलं होतं. दहांची सरासरी ०.२९, आकडे किती विखुरलेत हे सांगणारं स्टँडर्ड डेव्हिएशन ०.२२३. सरासरीपासून सातव्याचं अंतर ०.६१, त्याला ०.२२३ ने भागलं की २.७३ येतात. दहा रीडिंगसाठी ग्रब्जच्या तक्त्यातली मर्यादा ५ टक्के पातळीला २.२९० आणि १ टक्का पातळीला २.४८२ आहे. आमच्या पद्धतीत ५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली तर रीडिंगवर नुसती खूण करतात. १ टक्क्याची ओलांडली तरच त्याला आउटलायर म्हणतात. हे दोन्ही ओलांडून गेलं होतं. सातवं काढून उरलेल्या नऊंचं स्टँडर्ड डेव्हिएशन त्यानं काढलं: ०.०६७. एका रेघेनं आकडा तिपटीहून जास्त खाली आला होता.

"का कापलंस?" मी विचारलं.

"टेस्टमध्ये आउटलायर आलं ना, मॅडम."

"ते झालं टेस्टचं. पण सातव्या वेळी झालं काय होतं?"

तो थोडा गप्प राहिला. मग म्हणाला, "बहुतेक बॅलन्सचं काचेचं दार नीट लागलं नसेल."

या "बहुतेक"ची मला धास्ती आहे. आकडा दिसल्यावर आठवलेलं कारण त्या आकड्यासाठीच आठवलेलं असतं. दार चौथ्या वेळीही नीट लागलं नसेल, पण तिथे ०.२ आलं म्हणून कुणाला दार आठवलं नाही. दारामुळे सातवं काढायचं असेल, तर दार उघडं असतानाची सगळीच रीडिंग काढायला हवीत, चांगली दिसणारीसुद्धा. त्याची नोंद कागदावर कुठेच नव्हती.

टेस्ट काय सांगते, हे मी त्याच्यासमोर कागदावर मांडलं. दहाही रीडिंग एकाच नॉर्मल वितरणातून आली असं धरलं, तर १ टक्क्याच्या मर्यादेपलीकडचं रीडिंग शंभरातल्या एखाद्याच संचात सापडेल, एवढंच ती सांगते. ते का आलं, हे ती सांगत नाही. आणि वर्षाला शेकडो बॅलन्स तपासणाऱ्याच्या हाती शंभरातला तो एखादा निर्दोष संच कधी ना कधी येणारच. ज्यांच्या नावाची ही टेस्ट आहे त्या फ्रँक ग्रब्ज यांनीच १९६९च्या लेखात बजावलंय, की वेगळं पडलेलं रीडिंग हे नेहमीच्या चढउतारांचंच टोक असू शकतं, आणि तसं असेल तर ते ठेवायचं. तक्ता सगळे छापतात, हे वाक्य मात्र गाळतात.

दुसरी अडचण आमच्याच आकड्यांत होती. उरलेली नऊ रीडिंग बघा: ०.१, ०.२, ०.३, तीनच किमती. शेवटचा अंकच ०.१चा, त्यामुळे मधलं काही दिसायची सोय नाही. मी त्याला एक खोटा संच करून दिला, नऊ वेळा ०.२ आणि एकदा ०.३. "लाव आता टेस्ट." उत्तर आलं २.८४६. दहा रीडिंगमध्ये हा आकडा याहून मोठा येऊच शकत नाही. (१० − १) ला १० च्या वर्गमुळानं भागलं की हेच मिळतं. म्हणजे टेस्ट जितक्या जोरात ओरडू शकते तितक्या जोरात ओरडली, आणि फरक किती, तर शेवटच्या अंकाचं एक घर. खऱ्या संचात फरक सहा-सात घरांचा होता, तेव्हा तो नुसता आकडा गोल करण्यातून आलेला नव्हता, हे मला मान्य होतं. पण २.७३ या आकड्याचा दरारा तेवढ्यानं बराच कमी झाला.

मग आम्ही बॅलन्सच्या प्रिंटरची पट्टी काढली. हाताच्या नोंदीत फक्त दहा आकडे होते. पट्टीवर प्रत्येक ओळीला वेळ होती आणि दर वेळचं शून्यही. लिहिताना चूक झाली नव्हती, पट्टीवरही ०.९च होतं. दोन रीडिंगमधला वेळही नेहमीसारखाच. पण सातव्या वेळी वजन उचलल्यावर शून्याच्या जागी ०.४ आलं होतं. सहकाऱ्यानं शून्याचं बटण दाबलं आणि तो पुढे गेला. सवयीनं दाबलं, नोंद केली नाही.

ते ०.४ मला सगळ्यात बोलकं वाटलं. वजन पॅनवर वाकडं बसलं असतं किंवा त्याला धूळ लागली असती, तर ते उचलल्यावर शून्य जागच्या जागी आलं असतं. इथे रिकामा पॅनही वर गेलेला होता. गडबड वजनात किंवा हातात नव्हती. ती बॅलन्सला किंवा बॅलन्सभोवती होती, आणि वजन उचललं तेव्हाही पुरती सरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याच्याबरोबर गेले. आधी वजन ठेवलंच नाही. नुसता रिकामा पॅन आणि डिस्प्ले बघत बसलो. दहाएक मिनिटं ०.० आणि ०.१. मग छताजवळच्या एसीचा पंखा सुरू झाला आणि डिस्प्ले हळूहळू ०.३, ०.५, ०.४ असा फिरू लागला. पंखा थांबला, तसा मिनिटाभरात खाली आला. एसी बंद करायला लावला, डिस्प्ले शांत. सुरू केला, पुन्हा चाळवला. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. काचेच्या उजव्या दाराला खाली पोस्टकार्ड जाईल एवढी फट राहत होती, सरकपट्टी झिजलेली. झोत थेट टेबलावर, आणि फटीतून आत.

म्हणजे सहकाऱ्याचा दाराचा अंदाज अर्धा खरा निघाला. पण ती फट दहाही वेळा होती, पंखा मात्र सातव्याच वेळी चालू झाला होता. दार हे सातव्याला इतरांपासून वेगळं करणारं कारण नव्हतंच.

एसी बंद ठेवून दहा रीडिंगचा एक संच घेतला. त्यात तिसऱ्या वेळी वजन आत नेताना माझा चिमटा घसरला आणि वजन बाजूच्या काचेला टेकलं. डिस्प्लेकडे न बघता मी आधी कागदावर लिहिलं, "तिसरं रद्द, वजन काचेला लागलं." मग बघितलं, तर ०.२. अगदी गुणी रीडिंग. सहकारी म्हणाला, "मॅडम, हे तर चांगलंय." तरी रद्द केलं आणि वजन पुन्हा ठेवलं. त्या दोन दिवसांत आम्ही काढलेलं एकमेव रीडिंग ते, आणि कुठल्याच टेस्टनं ते पकडलं नसतं.

आता खरा प्रश्न होता: कारण तर सापडलं, मग आता पहिल्या संचातलं सातवं कापायचं का? सहकाऱ्याचं म्हणणं होतं, आता तरी कापावं. मला ते पटलं नाही. आपण मास्टर वजनांची तुलना करत असतो आणि झोत आपल्या खोलीतला असता, तर तो आपल्या मापनातला दोष ठरला असता. तेवढी रीडिंग काढून संच नव्यानं घेतला असता. इथे मोजत होतो तो त्यांचा बॅलन्स, त्यांच्या टेबलावर, त्यांच्या एसीखाली. तिथे रोज काम करणाऱ्याला हा पंखा अधूनमधून लागणारच. ०.९ हे त्या बॅलन्सचं त्या जागेवरचं खरं वागणं होतं.

आणि फरक कागदापुरता नव्हता. त्यांचं काम औषधांचं. अमेरिकन फार्माकोपिया या औषधांच्या मानकांच्या ग्रंथातल्या ४१व्या प्रकरणाप्रमाणे स्टँडर्ड डेव्हिएशनची दुप्पट ही तोलायच्या वजनाच्या ०.१० टक्क्याहून जास्त असू नये. म्हणजे त्या बॅलन्सवर तोलता येणारं सगळ्यात लहान वजन स्टँडर्ड डेव्हिएशनच्या २००० पट. ०.०६६७ धरलं तर १३३ मिलिग्रॅम. ०.२२३४ धरलं तर ४४७. शिवाय तिथे किमान दहा रीडिंग लागतात, आणि कापल्यावर आमच्याकडे उरली होती नऊ. नियमाच्या याच टोकाला अडकलो असतो, पण त्याआधी ४४७ मनात घर करून बसलं होतं.

सर्टिफिकेटमध्ये पहिला संच दहाही रीडिंगसकट गेला, "दुरुस्तीपूर्वी" या मथळ्याखाली. त्यांच्या देखभालवाल्यानं दाराची पट्टी बदलली, एसीच्या झडपा भिंतीकडे वळवल्या, आणि मग पंखा चालू ठेवून आम्ही नवे दहा घेतले. स्टँडर्ड डेव्हिएशन ०.०७ आलं. तो संच "दुरुस्तीनंतर" म्हणून खाली.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी कागद दोनदा वाचला. "मॅडम, वरचा संच छापायलाच हवा का? आता तर दुरुस्त झालंय."

"हवा," मी म्हटलं. "तुम्ही या बॅलन्सवर साधारण किती तोलता?"

"रेफरन्स स्टँडर्ड तोलतो. दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास."

त्यांचं बोट ४४७ वर येऊन थांबलं. मग त्यांनी बेल दाबली आणि वजनांच्या नोंदीची वही मागवली, मागच्या कॅलिब्रेशनपासूनची.