२०० अंशांचे प्रीहीट नेमके काय बदलते: सी४५ च्या तीन नमुन्यांची नोंद

मध्यम कार्बनच्या पोलादाला वेल्डिंगपूर्वी तापवावे, हे आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेले असते आणि त्याचे कारण म्हणून ‘मार्टेन्साइट होऊ नये’, म्हणजे झपाट्याने निवल्यावर होणारी ती कठीण, ठिसूळ रचना टळावी, एवढे एकच वाक्य सांगितले जाते. हे कारण कितपत खरे आहे ते पाहण्यासाठी सी४५ पोलादाचे तीन सारखे नमुने तयार करून, कापून, सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. या पोलादात ०.४५ टक्के कार्बन आणि सुमारे ०.७ टक्के मँगनीज असते. इतर मिश्रधातू नगण्य धरले, तर कार्बन तुल्यांक असा येतो:

```
CE = C + Mn/6 + (Cr+Mo+V)/5 + (Ni+Cu)/15
   = 0.45 + 0.7/6 ≈ 0.57
```

हे सूत्र आणि त्यावर बेतलेले प्रीहीटचे आलेख मुख्यतः ०.२५ टक्क्यांपर्यंत कार्बन असलेल्या बांधकामाच्या पोलादांसाठी आहेत. त्यामुळे इथे हा आकडा धोक्याची सूचना म्हणून घ्यावा, त्यावरून प्रीहीटचे तापमान अंशापर्यंत ठरवू नये.

प्रत्येक नमुन्यात १५० × १०० × २५ मिलिमीटरच्या पाटावर ७५ × ७५ × २० मिलिमीटरचा ठोकळा ठेवून त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू आधी पक्क्या वेल्ड केल्या आणि सगळे थंड होऊ दिले. उरलेल्या बाजूंपैकी एकीवर चाचणीचा फिलेट टाकला. ठोकळा आता हलू शकत नसल्याने आकुंचनाचा सगळा ताण फिलेटच्या रूटवर येतो आणि ठोकळा व पाट यांच्यामधली फट तिथे आयत्या खाचेचे काम करते. इलेक्ट्रोड मुद्दामच ३.२ मिलिमीटरचा रुटाइल, म्हणजे ई६०१३ घेतला, कारण त्यातून कमी हायड्रोजनवाल्या ई७०१८ पेक्षा कितीतरी जास्त हायड्रोजन वितळलेल्या धातूत उतरतो आणि थंड वेल्डला तडा पाडण्यात हायड्रोजनचाच हात असतो. विद्युतप्रवाह १२० अँपिअर, दाब सुमारे २३ व्होल्ट आणि ७५ मिलिमीटरची बीड ३० सेकंदांत, असा हिशेब धरून कार्यक्षमता ०.८ मानली, तर दर मिलिमीटरला जवळपास ०.९ किलोज्यूल उष्णता मिळते.

पहिला नमुना २० अंशांवर वेल्ड केला आणि तसाच हवेत ठेवला. दुसरा २०० अंशांपर्यंत तापवून वेल्ड केला आणि सिरॅमिक लोकरीत गुंडाळला. तिसरा पहिल्यासारखाच थंड वेल्ड केला, पण बीड संपताच, तो हाताला सोसवेल इतका निवण्याआधी, २०० अंशांच्या भट्टीत २ तास ठेवला. तिन्ही नमुने ४८ तास उलटल्यावरच कापले, कारण हायड्रोजनचा तडा वेल्ड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही पडतो आणि त्याआधीची ‘तडा नाही’ ही नोंद निरुपयोगी ठरते.

दुसरा नमुना तापवताना ज्योत पाटाच्या खालच्या बाजूने दिली आणि ती काढल्यावर दोन मिनिटे थांबून वरच्या बाजूला थर्मोकपल टेकवून तापमान घेतले. ज्योतीच्या बाजूने घेतलेले माप फक्त कातडीचे असते, आतले नव्हे. चकचकीत घासलेल्या पोलादावर इन्फ्रारेड थर्मामीटर बरेच कमी तापमान दाखवतो, म्हणून तो मी या कामात वापरत नाही. तापमानदर्शक खडू त्यापेक्षा भरवशाचा आहे.

छेद घासून, पॉलिश करून २ टक्के नायटलने खोदले, तेव्हा उष्णताप्रभावित क्षेत्राचा सुमारे २ मिलिमीटरचा गडद पट्टा नुसत्या डोळ्यांनीही दिसला. वितळरेषेला लागून जिथे तापमान ११०० अंशांच्या वर गेले होते, तिथे पूर्वीच्या ऑस्टेनाइटचे कण मोठे झालेले आहेत. त्यापलीकडे ते एकदम बारीक होतात, आणि पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला, सुमारे ७२५ ते ७८० अंशांच्या टप्प्यात, जुन्या पर्लाइटच्या जागाच तेवढ्या बदललेल्या आहेत. आपल्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या, भरड कणांच्या पट्टीत आहे. मोठ्या कणांमुळे कणसीमा कमी होतात, पर्लाइटला सुरुवात करायला जागा कमी मिळते आणि ऑस्टेनाइट तग धरून थेट मार्टेन्साइटमध्ये बदलतो.

पहिल्या नमुन्यात ही पट्टी जवळजवळ पूर्ण मार्टेन्साइटची आहे. कठिणता तपासायच्या कानशींपैकी ५५ रॉकवेलची तिच्यावरून घसरते आणि ६० ची चावते, म्हणजे पट्टीची कठिणता या दोहोंच्या मधे आहे. दुसऱ्या नमुन्यात कणसीमांवर बारीक पर्लाइटच्या काळ्या रेघा आणि थोडा बेनाइट दिसतो, पण बाकीचा बराच भाग मार्टेन्साइटच आहे. तिथे ५० ची घसरते, ५५ ची चावते. मार्टेन्साइट टाळणे हेच प्रीहीटचे काम असते, तर हा नमुना अपयशी म्हणावा लागला असता. हिशेबही तेच सांगतो. जाड पाटावरच्या फिलेटला ८०० वरून ५०० अंशांवर यायला थंड नमुन्यात साधारण ३ सेकंद लागतात आणि २०० अंशांच्या प्रीहीटने साडेपाच. ०.४५ टक्के कार्बनच्या पोलादाला एवढी सवलत पुरत नाही.

तरीही पहिल्या नमुन्यात रूटपासून निघालेला, वितळरेषेला समांतर धावणारा तडा आहे, आणि दुसऱ्यात नाही. फरक ५०० अंशांच्या खाली घडतो. चाचणीच्या बीडने दिलेली उष्णता सुमारे ६५ किलोज्यूल आणि नमुन्याचे वजन ३.८ किलो आहे. ही उष्णता सगळीकडे पसरली तर नमुना फक्त ३५ अंशांनी तापतो. म्हणजे थंड नमुन्याचा सांधा काही मिनिटांत ६० अंशांच्या आसपास येतो, तर तापवलेला लोकरीत तासाभराहून अधिक काळ १०० अंशांच्या वर राहतो. या तापमानाला हायड्रोजन पोलादातून झपाट्याने सरकतो आणि बाहेर पडतो. खोलीच्या तापमानाला तो जाळीतल्या दोषांमध्ये अडकून अतिशय मंद होतो.

हायड्रोजन नेमका भरड पट्टीतच का साचतो, हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो. वेल्ड धातूत कार्बन कमी असल्याने तो धातू आधी, जास्त तापमानाला, फेराइटमध्ये बदलतो. फेराइटमध्ये हायड्रोजन कमी मावतो, पण वेगाने हलतो. शेजारची भरड पट्टी त्या क्षणी अजून ऑस्टेनाइट असते, ज्यात हायड्रोजन जास्त मावतो आणि हळू हलतो. त्यामुळे वेल्डमधून ढकलला गेलेला हायड्रोजन वितळरेषा ओलांडून तिथेच मुक्काम करतो, आणि सुमारे ३३० अंशांच्या खाली ती पट्टी मार्टेन्साइट होऊ लागली की त्याच्यासकट कठीण होते.

हा तडा गरम तड्यापासून ओळखणे अवघड नाही. गरम तडा बहुधा वेल्ड धातूच्या मध्यरेषेवर पडतो आणि तोडून उघडला, तर त्याचा पृष्ठभाग निळसर-काळा निघतो. पहिल्या नमुन्याचा उरलेला तुकडा तोडला, तेव्हा तड्याची बाजू स्वच्छ, चमकदार होती, म्हणजे तो थंड झाल्यावरच पडला. बीडवर डाय पेनेट्रंट लावून मात्र काहीच दिसले नव्हते. पृष्ठभागापर्यंत न आलेला तडा त्या पद्धतीला दिसणारच नाही.

तिसऱ्या नमुन्याने हायड्रोजन आणि मार्टेन्साइट यांचा हिशेब वेगळा करून दिला. त्याच्या पट्टीवरही ५५ ची कानस घसरली, तरी कापलेल्या छेदात तडा सापडला नाही. २०० अंशांवर मार्टेन्साइट फारसा मऊ होत नाही, पण हायड्रोजनला निघून जायला वेळ मिळतो. अर्थात एका छेदावरून एवढेच म्हणता येते की त्या जागी तडा नाही. शिवाय जाड, अनेक पासच्या सांध्यात पहिला पास भट्टीपर्यंत पोहोचण्याआधीच तडकू शकतो, म्हणून प्रीहीटची जागा ही पद्धत घेत नाही. पुढचा नमुना १२० अंशांच्या प्रीहीटवर, भट्टीत सुकवलेल्या ई७०१८ ने करणार आहे, म्हणजे हायड्रोजन मुळात कमी असेल तर किती तापमान पुरते ते दिसेल.