आमची वाटचाल : टाकीत ओढलेल्या नावा

धायरीच्या शेडमध्ये आम्ही आधी रेडिओवर चालणाऱ्या हौशी नावा करायचो. पुढे धरणात चालणाऱ्या छोट्या फायबर बोटींची कामं येऊ लागली. 'मोटर किती ताकदीची बसवू?' हा प्रत्येक गिऱ्हाइकाचा प्रश्न. अंदाजावर उत्तर द्यायचं नाही असं ठरवून आम्ही लांबट टाकी बांधली. रुळांवर ट्रॉली, तिच्याखाली ओढ मोजणारा लोडसेल आणि त्याला जोडलेलं मॉडेल.

एका गिऱ्हाइकाला प्रवासी फिरवायला बॅटरीवरची 6 मीटरची बोट हवी होती. आम्ही 1.2 मीटरची दोन मॉडेलं केली: एकाची पिछाडी रुंद आणि सपाट, दुसऱ्याची निमुळती, पाण्यातून वर उचललेली. वजन दोन्हींचं सारखंच, 8 किलो.

मॉडेल पाचपट लहान असलं तरी वेग पाचाने भागत नाहीत, पाचाच्या वर्गमुळाने भागतात. तेव्हाच लाटा खऱ्या बोटीसारख्या उठतात. इंग्रज अभियंता विल्यम फ्रूडने एकोणिसाव्या शतकात घालून दिलेला हा नियम. म्हणून ताशी 11 किलोमीटरसाठी मॉडेल सेकंदाला 1.37 मीटरने ओढलं. निमुळत्या मॉडेलचा रोध 400 ग्रॅम भरला.

हा आकडा सरळ 125 ने, म्हणजे पाचाच्या घनाने, गुणला तर बोटीला 50 किलो येतात, आणि तिथेच फसगत होते. लाटांचा रोध त्या पटीत वाढतो, पाण्याच्या घर्षणाचा वाढत नाही. मॉडेलचं घर्षण सूत्राने काढलं तर सुमारे 140 ग्रॅम येतं. उरलेले 260 ग्रॅम 125 ने गुणायचे आणि मोठ्या बोटीचं घर्षण वेगळं काढून त्यात मिळवायचं. उत्तर येतं साधारण 44 किलो. बॅटरीच्या किमतीत हा फरक चांगलाच जाणवतो.

दुसरी अडचण जास्त छुपी आहे. लहान मॉडेलवर, त्यातही कमी वेगाला, पाणी नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, गुळगुळीत थरात वाहतं आणि रोध खोटा कमी दिसतो. मोठ्या बोटीवर तसं होत नाही. त्याच वेगाला पुन्हा ओढल्यावर आकडे विखुरले, किंवा हळू वेगाला आलेख एकदम खाली झुकला, की आम्हाला ते कळतं. उपाय म्हणून नाळेच्या थोडं मागे बारीक वाळूची पट्टी चिकटवतो, म्हणजे प्रवाह तिथेच खळबळतो. दोन फेऱ्यांमध्ये पाणी पूर्ण निवळू द्यावं लागतं. या थांबण्याचा कंटाळा करणाऱ्याला आम्ही टाकीवर ठेवत नाही. पाण्याचं तापमानही रोज टिपतो, कारण डिसेंबरचं गार पाणी मेपेक्षा दाट असतं, चिकटही.

ताशी 8-9 किलोमीटरला निमुळती पिछाडी स्पष्ट सरस ठरली, 11 ला किंचित. 13 च्या आसपास दोन्ही रेषा एकमेकींना छेदतात आणि पुढे सपाट पिछाडीला कमी जोर लागतो. बोट 11 च्या वर जाणारच नव्हती, म्हणून निमुळती घेतली. आमच्या टाकीत वारा नाही, बाहेरच्या लाटा नाहीत. त्यासाठी मोटरला वेगळी राखीव ताकद धरावी, हे अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहून देतो.