आमची वाटचाल : पंचाहत्तर सेकंदांचा मोदक

डहाणूकर कॉलनीत एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर आमचा ॲनिमेशनचा स्टुडिओ आहे. मी, बायको आणि दोन ॲनिमेटर. सुरुवातीला लग्नपत्रिकांचे व्हिडिओ केले, मग क्लासवाल्यांच्या जाहिराती, मग हळूहळू पेठांमधल्या दुकानदारांची कामं यायला लागली. पहिली काही वर्षं लायसन्स म्हणजे आरटीओत मिळतं ते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ते ज्ञान वाढवलं एका मोदकाने.

सदाशिव पेठेतल्या एका मिठाईवाल्या काकांना गणपतीसाठी पंचाहत्तर सेकंदांचा व्हिडिओ हवा होता. उकडीचा मोदक मोदकपात्रातून टुणकन उडी मारतो, तुपाच्या वाटीत डोकावतो आणि नैवेद्याच्या ताटात जाऊन बसतो. मागे ‘सुखकर्ता दुःखहर्ता’. आरती रामदासस्वामींची, सतराव्या शतकातली, तिच्यावर कोणाचा कसला हक्क? मी नेटवरून एक छान रेकॉर्डिंग उतरवून घेतलं आणि लावलं.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी काकांनी व्हिडिओ त्यांच्या यूट्यूब चॅनेलवर टाकला आणि तासाभरात फोन. “काय हो, आमच्या मोदकाच्या आधी दुसऱ्याच मिठाईवाल्याची जाहिरात लागतीय!” आरतीच्या त्या रेकॉर्डिंगवर एका म्युझिक कंपनीचा दावा लागला होता. अशा दाव्याने व्हिडिओ आपोआप उडत नाही, चॅनेललाही शिक्षा होत नाही, पण दावेदार त्या व्हिडिओवर जाहिराती दाखवून पैसे घेऊ शकतो किंवा व्हिडिओ बंदही करू शकतो. आपण हरकत घेतली तर उत्तर द्यायला त्याला ३० दिवस असतात. गणपती असतात दहा दिवस. शिवाय हरकत घ्यायची तरी कशावर? दावा खरा होता.

एका गाण्यात शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग अशा तीन वेगळ्या मालमत्ता असतात, हे मला तेव्हा कळलं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, म्हणून रामदासांचे शब्द कधीच मोकळे झाले. रेकॉर्डिंगचा हक्क मात्र ते प्रसिद्ध झाल्यावर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजला जातो, आणि तो सहसा ते करवून घेणाऱ्याचा असतो. आरती जुनी होती, ध्वनिमुद्रण नव्हतं. आणि चालही पारंपरिक आहे की कोणा संगीतकाराने बांधलेली, हे वेगळं तपासावं लागतं.

त्या रात्री घाईत मी फुकट संगीत शोधायला बसलो आणि दुसरा खड्डा बघितला. एक सुंदर बासरी मिळाली, खाली CC BY-ND लिहिलेलं, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचा एक खुला परवाना. धंद्यासाठी वापरायला बंदी नाही, फक्त नाव द्या आणि बदल करू नका. मी कुठे बदल करणार होतो? पण या परवान्याच्या मजकुरातच लिहिलंय की संगीत हलत्या चित्राशी वेळ जुळवून लावलं की ते रूपांतर धरलं जाईल. म्हणजे ND असलेलं संगीत, एक सूर न बदलताही, व्हिडिओला लावून प्रसिद्ध करता येत नाही. SA असेल तर आपला अख्खा व्हिडिओ त्याच परवान्याखाली सोडावा लागतो, म्हणजे शेजारचा दुकानदारही काकांचा मोदक उचलून वापरू शकला असता. NC मध्ये धंदाच बसत नाही. जाहिरातीसाठी साधा CC BY तेवढा कामाचा. त्या वर्षी तसली एक साधी तबल्याची लग्गी लावून वेळ निभावली.

पुढच्या वर्षी आरती आम्हीच रेकॉर्ड केली. कॉलनीतल्या भजनी मंडळातल्या एक मावशी, पेटी, ढोलकी आणि टाळ. चाल घराघरांत म्हणतात ती पारंपरिकच. मानधन आधी ठरलं, करार मात्र मी एका पानावर उरकणार होतो. ओळखीच्या वकीलताईंनी थांबवलं. हक्क लेखी घ्यायचे, आणि त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. यूट्यूब काय भारताच्या हद्दीवर थांबतं? म्हणून ‘संपूर्ण जग’ हे दोन शब्द आले. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे कलाकार म्हणून वेगळे हक्क असतात, त्यामुळे चौघांच्याही सह्या घेतल्या.

तरीही दावा आलाच! चाल सारखी, पेटी सारखी, दावे लावणाऱ्या यूट्यूबच्या यंत्राला वाटलं तेच रेकॉर्डिंग. या वेळी मात्र आम्ही व्हिडिओ पाच आठवडे आधी ‘प्रायव्हेट’ ठेवून चढवला होता, कारण यंत्राची तपासणी चढवतानाच होते. हरकत घेतली, करार आणि कच्चं रेकॉर्डिंग हाताशी होतं, चौथ्या दिवशी दावा मागे गेला. सणासुदीची सगळी कामं आता आम्ही अशीच आधी चढवून बघतो.

फॉन्टचं प्रकरण त्यामानाने सोपं निघालं. आमच्याकडे एका मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलेले शंभरेक फॉन्ट होते, त्यातले निम्मे ‘पर्सनल यूज’चे. सगळे उडवले. आता ‘मुक्त’ किंवा ‘बालू’सारखे, सोबत ओपन फॉन्ट लायसन्सची `OFL.txt` ही फाइल असलेले फॉन्ट वापरतो. त्या परवान्यात नुसता फॉन्ट सुटा विकायला मनाई आहे. व्हिडिओत वापरायला आणि परवान्याच्या फाइलसकट ग्राहकाला द्यायला मोकळीक आहे. खरी मेख तिथेच असते. विकत घेतलेल्या फॉन्टचा परवाना बहुधा आपल्या मशीनपुरता असतो, आणि ग्राहकाने मूळ प्रोजेक्ट मागितला की आपण फॉन्टही कॉपी करून देऊन मोकळे होतो.

मग आली एआयने काढलेली चित्रं. वाड्याचा चौक, तुळशीवृंदावन, दारातली रांगोळी, दोन मिनिटांत तयार. मोठं करून बघितलं तर मागच्या टपरीवर एका शीतपेयाच्या लोगोसारखी लाल पाटी उमटलेली, अक्षरं वेडीवाकडी पण ओळखू येणारी. ट्रेडमार्कची भानगड नको म्हणून ती खोडली. टूलचा फुकट प्लॅन व्यावसायिक वापराला चालत नव्हता, म्हणून महिन्याचा प्लॅन घेतला आणि त्या दिवशीच्या अटींची पीडीएफ जपून ठेवली. अटी बदलतात आणि जुन्या सापडत नाहीत.

काकांना मात्र हसरा मोदकही तसाच बनवून हवा होता, स्वस्तात, आणि वर करारात ‘सर्व कॉपीराइट आमच्या नावे’. इथे मी अडलो. आपल्या कायद्यात संगणकनिर्मित कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, अशी व्याख्या आहे, पण ती आजच्या एआयच्या आधीची, १९९४ ची. अमेरिकेचं कॉपीराइट कार्यालय तर माणसाच्या हाताशिवाय झालेल्या चित्राला संरक्षण नाकारतं. जे माझं आहे की नाही हेच पक्कं नाही, ते काकांच्या नावावर कसं करून देऊ? मोदक आमच्या ॲनिमेटरने हाताने काढला, एआय मागच्या वाड्यापुरतं ठेवलं, आणि करारात तसं स्पष्ट लिहिलं. काकांनी कुरकुर केली, पण पुढे डब्यांवर, पिशव्यांवर तोच मोदक छापला.

यंदा काकांचा निरोप आला, तोच व्हिडिओ थिएटरात सिनेमाच्या मध्यंतरात लावायचाय. फोल्डर उघडलं. फॉन्ट ठीक, वाडा ठीक, मोदक ठीक. आरतीच्या करारात माध्यम लिहिलं होतं, ‘इंटरनेट’. मी चप्पल घातली आणि मावशींकडे गेलो. त्यांनी करार वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “थिएटरचे वेगळे होतील. आणि ढोलकीवाल्यालाही विचार, त्याचीही सही आहे.”