झोपलेला सिंह आणि पेटारीतला साप

आमच्या वेळी संस्कृतच्या पेपरात सुभाषितं म्हणजे हक्काचे गुण. श्लोक पाठ करायचा, अन्वय लावायचा, भाषांतर लिहायचं, झालं. आमच्या बाईंचं मात्र एवढ्यावर भागत नसे. श्लोक म्हणून झाला की त्या विचारायच्या, "पटलं? कशावरून पटलं?" आम्हा नववीच्या पोरांना हा प्रश्नच चमत्कारिक वाटायचा. सुभाषित म्हटल्यावर ते पटायचंच की!

त्यातला एक श्लोक सगळ्यांना ठाऊक असलेलाच:

उद्यमेन हि सिध्यन्ति कार्याणि न मनोरथैः ।
न हि सुप्तस्य सिंहस्य प्रविशन्ति मुखे मृगाः ॥

बाईंनी दोन ओळींच्या मधोमध खडूने रेघ ओढली. वर नियम: कामं उद्योगाने तडीस जातात, नुसत्या मनोरथांनी नाही. खाली दाखला: झोपलेल्या सिंहाच्या तोंडात हरणं आपण होऊन शिरत नाहीत. सामान्य विधानाला विशेष उदाहरणाचा आधार दिला, म्हणून अलंकार अर्थांतरन्यास. परीक्षेपुरतं काम इथेच संपलं. मग बाई म्हणाल्या, "आता सिंह काढा आणि तिथे मांजर घाला."

झोपलेल्या मांजराच्या तोंडात उंदीर शिरत नाहीत. विधान तितकंच खरं, पण श्लोक पार लुळा पडला. मांजराचं ऐकून कोणीही म्हणेल, बिचारं मांजर ते, त्याचं काय घेऊन बसलात! सिंहाच्या बाबतीत ही पळवाट उरत नाही. बळ, दरारा, वनाचं राजेपण, सगळं असूनही झोपून राहिला तर त्याचंही पोट भरत नाही. मग तुमची आमची काय कथा? शास्त्रात याला कैमुतिक न्याय म्हणतात. सगळ्यात समर्थ असलेल्याचं जिथे चालत नाही, तिथे बाकीच्यांचं वेगळं सांगावं लागत नाही. म्हणजे 'सिंह' हा शब्द शोभेसाठी आलेला नाही. एका प्राण्यावरून सगळ्यांसाठी नियम काढायचा, तर तो प्राणी सगळ्यात वरचाच निवडावा लागतो.

एवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, पण जागा सिंह तरी दर वेळी शिकार साधतो का?" वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. त्यांनी वरच्या ओळीचे दोन तुकडे केले. 'उद्योगाने कामं होतात' हा एक दावा आणि 'मनोरथांनी होत नाहीत' हा दुसरा. सिंह साक्ष देतो ती फक्त दुसऱ्याची. धावलेल्या सिंहाला हरण मिळतंच, असं खालच्या ओळीत कुठेच नाही. ते आपण आपल्या पदरचं घालतो, आणि घातल्याचं आपल्याला कळतही नाही. अनुष्टुभाच्या बत्तीस अक्षरांत कवीने एवढं साधलं, ही त्याची हुशारी. माझ्या मते थोडी लबाडीही.

याच विषयावरचं दुसरं सुभाषित आहे: जसा एका चाकाने रथ चालत नाही, तसं प्रयत्नावाचून दैव फळत नाही. इथे 'यथा' आणि 'एवम्' उघड आहेत. कवी स्वतःच कबूल करतो की ही तुलना आहे, त्यामुळे ऐकणारा सावध राहतो. सिंहाच्या श्लोकात 'जसं' नाहीच. आहे तो 'हि', म्हणजे 'कारण'. उपमा तिथे पुरावा होऊन उभी राहते.

पुढच्या तासाला बाईंनी भर्तृहरीच्या नीतिशतकातला साप आणला. तो पेटारीत कोंडलेला आहे, आशा सुटलेली, भुकेने गलितगात्र. रात्री एक उंदीर पेटारी कुरतडून भोक पाडतो आणि नेमका त्याच्याच तोंडात पडतो. साप त्याला खातो आणि त्याच भोकातून निसटतो. कवीचा निष्कर्ष असा: स्वस्थ राहा, भरभराटीला आणि नाशाला दैवच कारण. म्हणजे तिकडे सिंहाच्या तोंडात जे शिरत नाही, तेच इकडे सापाच्या तोंडात येऊन पडलं!

मग खरं कोणतं, यावर वर्गात चांगलीच जुंपली. बाईंनी निकाल दिला नाही, फक्त फरक दाखवला. सापाची गोष्ट एकदा घडलेली आहे. 'असंही घडू शकतं' एवढंच तिच्यावरून ठरतं, 'असंच घडतं' हे नाही. ती ऐकणाऱ्याच्या गळी उतरवायला पेटारी, भूक, रात्र, भोक असा सगळा तपशील रचावा लागतो, म्हणून कवीने शार्दूलविक्रीडितासारखं लांब वृत्त घेतलं. सिंहाचं नित्याचं आहे, कोणीही कधीही ताडून पाहावं. म्हणून त्याला एक ओळ पुरली.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, पण या गोष्टीत उद्योग फक्त उंदरानेच केला." त्यावर मात्र बाईही मोठ्याने हसल्या आणि म्हणाल्या, "त्याच्यावर श्लोक कोणी केला नाही, तू कर."